नारळी पौर्णिमेआधीचा खर्च

शुक्रवार दिनांक १ ऑगस्ट २०२५, सकाळी ११ वाजून ५ मिनिटे, ते शनिवार दिनांक २ ऑगस्ट, सकाळी १० वाजून ५५ मिनिटे. या अवधीत आमच्या कंपनीचा जादा झालेला खर्च रुपये ३७,४१२ आणि ६५ पैसे. चोवीस तासांना दहा मिनिटे कमी. ही दहा मिनिटे हिरा शिवलकर यांच्या नावावर जमा आहेत असे मी मानतो. त्यांना विचारले तर त्या म्हणतील, स्कूटर चालू व्हायला वेळ लागला नसता तर पंचवीस मिनिटे वाचली असती. स्कूटर माझी होती.

आमची कंपनी रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ दुसऱ्या मजल्यावर आहे. नाव दर्यावेध. मच्छीमार नौकांवर आम्ही एक डबा बसवतो. तो डबा नौका कुठे आहे ते आमच्याकडे कळवत राहतो आणि मालकाला व घरच्यांना ते मोबाइलवर दिसते. नौका समुद्रात असली तर दर पाच मिनिटांनी, बंदरात असली तर दर अर्ध्या तासाने. निरोप पाठवताना डब्याचा दिवा एकदा मिचकावतो आणि निरोप मिळाला की आम्ही डब्याला पोच देतो. ही सगळी माहिती साठवायला आमच्याकडे स्वतःचे मोठे संगणक नाहीत. ते एका परदेशी कंपनीचे भाड्याने घेतलेले आहेत. यालाच क्लाउड म्हणतात. वापर होईल तसा मीटर पळतो आणि महिन्याच्या सुरुवातीला बिल येते. विजेसारखेच, फक्त वायरमन ओळखीचा नसतो.

मी या कंपनीत हिशेब पाहतो. सगळे मला काका म्हणतात. येत्या मार्चअखेर निवृत्त होणार आहे. हिराताई माझ्या हाताखाली आहेत असे कागदावर आहे.

हिराताईंचे वय शेहेचाळीस. माहेर आणि सासर दोन्ही मिऱ्याचेच, मध्ये चार घरे. बारावी कॉमर्स झाल्या आणि त्याच मे महिन्यात लग्न झाले. सासऱ्यांचा ट्रॉलर होता. सासऱ्यांना लिहिता येत असे, पण आवडत नसे, म्हणून फेरीचा अंदाज काढायचे काम सुनेकडे आले. डिझेल किती, बर्फ किती, शिधा किती, किती दिवस, आणि परत येताना हातात काय उरले पाहिजे. सतरा वर्षे त्यांनी हे केले. पुढे ट्रॉलर विकला, नवरा जयगडला टगबोटीवर कामाला लागला, आणि हिराताई आमच्याकडे व्हाउचर लावायला आल्या. मुलगी आरोही नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. वसतिगृहाची फी हिराताईंच्या पगारातून जाते. पगार रुपये १८,५००, करार एका वर्षाचा, दर ३१ ऑगस्टला संपणारा.

क्लाउडचे बिल त्यांच्याकडे कसे गेले तेही सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमचे मालक अजिंक्य यांनी मला त्या बिलाचे बजेट बसवायला सांगितले. मी बसवले. महिन्याला रुपये साठ हजार. मला वाटले, साठ हजार संपले की खर्च थांबेल. आमच्या काळी मंजूर रक्कम संपली की बिल परत येत असे. त्या महिन्यात बिल ८४,००० आले. मी क्लाउडवाल्यांना फोन लावायला निघालो, तेव्हा शेजारच्या टेबलावरून हिराताई म्हणाल्या, "काका, तुम्ही टाकीत काठी घातलीत. काठीने डिझेल थांबतं का? ती फक्त सांगते, किती उरलं."

हे खरे होते. बजेट म्हणजे कुलूप नव्हे. ते फक्त मेल पाठवते. पन्नास टक्के झाले, ऐंशी झाले, शंभर झाले, आणि याच चालीने गेलात तर महिनाअखेर इतके होईल. वाचणारा नसेल तर तेही नाही. मी ते काम त्यांच्याकडे दिले आणि रजिस्टरला तशी नोंद केली.

हिराताईंनी पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट विचारली, "एका होडीला दिवसाला किती पडतात?" कोणी सांगू शकले नाही. त्यांनी दोन वर्षांची बिले घेतली, कुठल्या दिवशी किती नौका बाहेर होत्या ते घेतले, आणि काढले. एकही नौका नसली तरी रोजचे १,२५० रुपये लागतात. बंदरातल्या सगळ्या नौकांचे मिळून आणखी १३०. आणि समुद्रात गेलेल्या नौकेमागे दिवसाला साडेचौदा रुपये. या तीन आकड्यांवर त्यांचा वर्षाचा अंदाज चालतो.

क्लाउडवाले स्वतःही अंदाज देतात, फुकट. पण तो मागच्या दिवसांवरून पुढचे सांगतो. जून आणि जुलै मासेमारी बंद. त्यामुळे जुलैअखेर यंत्राला वाटते की रत्नागिरीत कोणी मासे धरतच नाही. या वर्षी ऑगस्टसाठी यंत्राने ४२,७८० सांगितले. अजिंक्य यांनी एक तारखेपासून हंगाम धरून १,२८,६५० सांगितले. हिराताईंनी १,०६,४९० लिहिले.

"मधले बावीस हजार कुठे गेले, हिराताई?" अजिंक्य यांनी विचारले.

"पहिले आठ दिवस होड्या जाणार नाहीत, सर."

"बंदी एकतीसला उठते."

"बंदी सरकारची उठते. नारळी पौर्णिमा आठ तारखेला आहे."

"आता कोण थांबतं पौर्णिमेला? गेल्या वर्षी एक तारखेलाच गेल्या होत्या ना?"

"गेल्या वर्षी दर्या निवळला होता."

अजिंक्य चौतीस वर्षांचे. पुण्यात मोठ्या कंपनीत होते, ते सोडून इथे आले. माणूस कष्टाळू आणि सरळ. पण गेल्या वर्षीच्या एक तारखेचा विषय निघाला की चेहरा बदलतो, आणि त्याला कारण आहे.

गेल्या वर्षी एक ऑगस्टला खर्चाचा इशारा आला होता. बजेट वेगळे आणि हा इशारा वेगळा. बजेट महिन्याची रक्कम पाहते. हा इशारा रोजच्या चालीवरून ठरवतो की आज किती खर्च व्हायला हवा होता, आणि त्यापेक्षा फार झाला तर कळवतो. त्या दिवशी रुपये ९,८७० झाले. हिराताईंनी लगेच अजिंक्य यांना फोन केला आणि त्यांनी घाबरून सगळी यंत्रणा बंद केली. नंतर कळले, एवढेच झाले होते की हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्या नौकांनी एकदम नवे नकाशे उतरवून घेतले होते. खर्च रास्त होता. पण यंत्रणा बंद होती त्या तीन तासांत समुद्रातल्या एकशे सत्तर नौका मोबाइलवरून नाहीशा झाल्या. मिरकरवाड्यातून, काळबादेवीहून, साखरतरहून मच्छीमारांच्या बायका ऑफिसात आल्या. एकीने अजिंक्य यांची कॉलर धरली. कंपनीने सगळ्यांना एक महिन्याची वर्गणी माफ केली.

तेव्हापासून नियम झाला. १ ते १० ऑगस्ट खर्चाचे इशारे बंद, आणि अजिंक्य यांच्या परवानगीशिवाय यंत्रणेला कोणी हात लावायचा नाही. इशाऱ्याचे मेल ज्यांना जातात त्या यादीतून त्यांनी स्वतःचे नाव काढले, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या स्वरूपचे काढले, माझे काढले.

"माझंपण काढू?" हिराताईंनी विचारले.

"तुमचं राहू दे. तुम्हाला आवड आहे. पण मला फोन नको, हिराताई. या वर्षी परत खोटी हाक मारलीत तर एकतीस तारखेनंतर मला विचार करावा लागेल. यंत्राचा अंदाज फुकट मिळतो."

हे माझ्यासमोर झाले. हिराताई बरं म्हणाल्या आणि रजिस्टर मिटले.

शनिवारी, दोन तारखेला, सकाळी सात वाजता त्यांचा मला फोन आला. सुट्टीचा दिवस. मी चहा घेत होतो.

"काका, मेल आलाय. सहा चाळीसला."

"किती?"

"व्हायला हवे होते एक हजार तीनशे ऐंशी. झालेत अकरा हजार तीनशे सहा. हे काल संध्याकाळपर्यंतचे. त्यांचा हिशेब मागून येतो, म्हणजे आत्तापर्यंत कितीतरी जास्त असणार."

मी म्हणालो, गेल्या वर्षीही याच दिवशी असेच नऊ हजार होते.

"तेच तर. अजिंक्यसर हेच म्हणणार."

"मग?"

"गेल्या वर्षी पैसे नकाशे उतरवण्यात गेले होते. या मेलमध्ये खर्च कशावर झाला तेही लिहिलंय. लॉगवर."

लॉग म्हणजे यंत्रणेची रोजनिशी. आत काय घडले ते ती लिहून ठेवते. लिहिण्याचे पैसे पडतात, वजनावर. एरवी आमचा लॉगचा खर्च दिवसाला साठ-सत्तर रुपये असतो.

"आणि काका, होड्या गेल्याच नसतील तर हे लिहितंय कोण?"

मी त्यांना सांगितले की मोबाइल उघडून पाहा, नौका दिसतीलच. त्यांनी पाहिले होते. दोनशे चौदा नौकांचे दोनशे चौदा ठिपके, सगळे हिरवे. हिरवा म्हणजे डबा चालू आहे, कळवतो आहे. पण ठिपके काल सकाळी जिथे होते तिथेच. नौका थांबल्या आहेत की ठिपके अडकले आहेत, हे मोबाइल सांगत नव्हता.

"मी असंच बोलणार नाही," हिराताई म्हणाल्या. "मोजून बोलणार. तुमची स्कूटर आहे ना?"

स्कूटर चालू व्हायला पंधरा मिनिटे लागली. पावसाळ्यात असे होते. मिऱ्याहून त्यांना घेऊन मिरकरवाड्याच्या जेटीवर पोचलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. वारा असा की छत्री उघडून उपयोग नव्हता. बंदराबाहेर लाटा भिंतीवरून येत होत्या.

हिराताईंनी पिशवीतून आमच्या ग्राहकांची यादी काढली, तिला प्लॅस्टिक लावलेले होते, आणि जेटीच्या एका टोकापासून सुरुवात केली. एकेका नौकेचे नाव वाचायचे, टिक करायची. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतल्या नौकांची नावे दिसत नव्हती. त्या त्यांनी रंगावरून आणि नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकाच्या घडणीवरून, ओळखल्या. मी दोन ठिकाणी शंका घेतली. दोन्ही वेळा एका खलाशाला हाक मारून विचारले. दोन्ही वेळा त्यांचे बरोबर निघाले. तिसऱ्यांदा मी शंका घेतली नाही.

एका ट्रॉलरवर भिकाजी नावाचे तांडेल, म्हणजे नौकेचे कप्तान, जाळे सारखे करत बसले होते. साठीच्या पुढचे. हिराताईंच्या सासऱ्यांच्या ट्रॉलरवर नोकरी केलेले.

"काय गो हिरा, सकाळी सकाळी? आणि ह्या मास्तरांना कशाला भिजवतेस?"

"मास्तर नाहीत, हिशेबनीस आहेत. भिकाजीमामा, कोणी गेलं का काल?"

"जातंय कोण? दर्या बघ, कसा खवळलाय. आणि नारळ कुठं टाकलाय अजून? पौर्णिमेचा नारळ पडल्याबिगर माझा बा कधी गेला नाय, मी जातोय!"

"गेल्या वर्षी गेलेलात."

"गेल्या वर्षी मालक डोक्यावर बसला, म्हणून. नारळ घरातनं फोडून गेलो." त्यांनी जाळ्याची गाठ ओढली. "पण तुमच्या त्या डब्याचं काय झालंय गो? एरवी अर्ध्या तासानं एकदा मिचकावतो. कालपासून काजव्यासारखा चालू आहे. रात्री झोप नाय लागली. वर फडका टाकला."

हिराताईंनी पेन थांबवले. "कालपासून म्हणजे कधीपासून?"

"मी घड्याळ बघतो काय?"

"जेवलेलात का?"

"नाय. पोरं भाकऱ्या सोडत होती. अकरा-साडेअकरा असतील."

त्यांनी ते यादीच्या मागे लिहून घेतले. मग भिकाजींना विचारून ट्रॉलरवर चढल्या, फडका काढला आणि घड्याळ हातात धरून डब्याचा दिवा मोजला. एका मिनिटात तीस वेळा. शेजारच्या नौकेवर मोजला. तिथेही तीस.

पुढचे गणित त्यांनी जेटीवरच्या बर्फाच्या खोक्यावर बसून केले. दर दोन सेकंदाला एक निरोप, दोनशे चौदा डबे. म्हणजे दिवसाला ब्याण्णव लाखांच्या वर निरोप. बंदरातल्या डब्यांनी पाठवायला हवे होते दहा हजार दोनशे बहात्तर. मी तपासले. बरोबर होते.

मिरकरवाड्यात आमच्या एकशे एकाहत्तर नौका. एकशे एकाहत्तर नावांवर टिक झाली. उरलेल्या त्रेचाळीस साखरतर, काळबादेवी आणि जयगडला असतात. तिथे त्यांनी चार ठिकाणी फोन केले. जयगडला नवऱ्याला केला. त्याला म्हणाल्या, "चहा नंतर प्या, आधी होड्या मोजा." समुद्रात एकही नव्हती.

आता अजिंक्य यांना फोन करायचा होता. ते सासरच्या मंडळींबरोबर आंजर्ल्याला गेले होते. हिराताईंनी नंबर काढला आणि मोबाइल हातात धरून बसल्या. मी म्हणालो, हवे तर मी करतो, मी निवृत्तच होणार आहे.

"नको. नाहीतर म्हणतील, काकांच्या आड लपली."

तीन वेळा लागला नाही. आंजर्ल्याला गणपतीच्या डोंगरावर रेंज कधी असते कधी नसते. चौथ्यांदा लागला तेव्हा साडेदहाला दोन मिनिटे होती. त्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"हिराताई, दोन तारीख आहे आज."

"माहिती आहे, सर."

"आपलं काय ठरलं होतं?"

"फोन करायचा नाही असं. केलाय. आकडे ऐका, मग ओरडा."

त्यांनी आकडे सांगितले. अजिंक्य म्हणाले, हंगामाची सुरुवात आहे, पहिल्या दिवशी असे होते. लोक डबे चालू करून बघतात. ठिपके हिरवे आहेत, म्हणजे यंत्रणा ठीक आहे.

"सर, ठिपके हिरवे आहेत कारण डबे ओरडतायत. आपण त्यांना पोच देत नाही. पोच मिळाली नाही की डबा तोच निरोप परत पाठवतो. दोन दोन सेकंदांनी. काल अकराच्या सुमाराला सुरू झालंय. तेव्हा स्वरूपने काही केलं होतं का, तेवढं विचारा."

पलीकडे देवळातली घंटा वाजली.

"स्वरूपने काल हंगामाआधी एक बदल घातला होता," अजिंक्य म्हणाले. "अकरालाच. पण चाचणी झाली होती त्याची. हिराताई, गेल्या वर्षी तुमच्यावर विश्वास ठेवून मी बंद केलं. माझी कॉलर फाटली होती."

"गेल्या वर्षी होड्या बाहेर होत्या. या वर्षी आत आहेत. एकशे एकाहत्तर मी डोळ्यांनी मोजल्यात, त्रेचाळीस फोनवर. आज बंद केलंत तरी कोणाची होडी हरवणार नाही, ती त्यांच्यासमोर बांधलेली आहे. आणि सगळं बंद करू पण नका. कालचा बदल मागे घ्या, एवढंच."

"आणि चुकीचं निघालं तर?"

"तर एकतीसला माझा करार संपतोच आहे."

"काका आहेत का तिथे?"

मी आहे म्हणालो.

"काका, तुमचं मत?"

मी सांगितले की माझे मत नाही, पण बेरीज तपासली आहे. हे असेच आणखी दहा दिवस कोणी पाहिले नाही तर पावणेचार लाख होतील. ऑगस्टच्या पगाराची रक्कम तीन लाख बासष्ट हजार आहे आणि बँकेत त्याशिवाय फारसे नाही. नौकांची वर्गणी सप्टेंबरात येते.

अजिंक्य म्हणाले, "स्वरूपला उठवतो."

स्वरूप शहराजवळच्या नाचणे गावात राहतो. तो उठला, संगणक उघडला आणि दहा पंचावन्नला आदल्या दिवशीचा बदल मागे घेतला. भिकाजींच्या ट्रॉलरवर आम्ही दिव्याकडे पाहत उभे होतो. दिवा मिचकावत होता. मग एकदा मिचकावला आणि पुन्हा मिचकावलाच नाही. भिकाजी म्हणाले, "मेला काय?" हिराताई म्हणाल्या, "झोपला. अर्ध्या तासाने उठेल." अर्ध्या तासाने तो एकदा मिचकावला. तोपर्यंत आम्ही थांबलो.

झाले होते ते असे. स्वरूपने नवा बदल घालताना डब्यांना पोच पाठवण्याचा पत्ता एका जागी जुनाच ठेवला होता. शिवाय चाचणीसाठी रोजनिशी सविस्तर लिहिण्याची खूण चालू केली होती आणि ती बंद करायची राहिली. दोन्हींपैकी एक चूक झाली असती तर काही शेकड्यांवर भागले असते. दोन्ही मिळून तासाला दीड हजार. चाचणी त्याने टेबलावरच्या एकाच डब्यावर घेतली होती, आणि तो डबा पहिल्यापासूनच दिवा नसलेला होता.

इथे गोष्ट संपायला हवी, पण क्लाउडचा हिशेब मागून येतो हे अजिंक्य विसरले. रविवारी सकाळी हिराताईंना पुन्हा मेल आला. जादा खर्च आता तेहेतीस हजार नऊशे अठ्ठेचाळीस. अजिंक्य यांनी शनिवारीच यादीत आपले नाव परत घातले होते, त्यामुळे त्यांनाही आला.

"हिराताई, हे थांबलं नाहीये! वाढतंय!"

"सर, ते काल सकाळचं आहे. आत्ताचं नाही."

"तुम्हाला कसं कळणार?"

"दिवा झोपलाय ते बघितलंय मी. बिल उद्या सांगेल."

"आणि उद्या नाही सांगितलं तर?"

हे सगळे त्यांनी मला सोमवारी सांगितले. रविवारी त्यांनी घरी कोळंबी सोलली आणि आरोहीला फोन करून वसतिगृहाची पुढची फी कधी भरायची ते विचारले. मुलीने विचारले, का गं? त्या म्हणाल्या, सहज.

सोमवारी सकाळी अजिंक्य साडेआठला ऑफिसात आले. हिराताई नऊला येतात. त्या नऊलाच आल्या. संगणक उघडला. रविवारचा खर्च रुपये १,३७७. दोन दिवसांचा मिळून जादा खर्च ३७,४१२ रुपये ६५ पैसे, आणि तिथे तो थांबला होता. लॉगचा रविवारचा खर्च चौसष्ट रुपये.

अजिंक्य यांनी आकडा पाहिला. मग हिराताईंच्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "त्या अंदाजात तुम्ही आठ दिवस शून्य धरले होते."

"हो."

"मी ते कापून पूर्ण महिना लावणार होतो."

"हो. मग अकरा हजार मला पण फार वाटले नसते."

हे मला नंतर कळले. त्यांच्या वहीत शुक्रवारच्या समोर १,३८० लिहिलेले होते म्हणून ११,३०६ हा आकडा डोळ्यांत खुपला. चार हजार दीडशे लिहिलेले असते, त्यात पहिल्या दिवसाची गडबड धरली असती, तर कोणी जेटीवर गेले नसते.

त्या आठवड्यात नियम बदलला. इशारे आता वर्षभर चालू असतात, ऑगस्टमध्येही, आणि सगळ्यांना जातात. बजेटमध्ये बारा महिन्यांचे बारा वेगळे आकडे घालता येतात ही सोय पहिल्यापासून होती. ती आता वापरली जाते. लॉगला स्वतःचे वेगळे छोटे बजेट आहे, दिवसाला दोनशे रुपयांचे. आणि रोज सकाळी साडेआठला हिराताई बंदरावर एक फोन करून किती नौका बाहेर गेल्या ते विचारतात व खर्चाच्या शेजारी लिहितात. मोबाइलवर तो आकडा दिसतो, तरीही.

क्लाउडवाल्यांना आम्ही सूट देण्यासाठी विनंती केली. दोन आठवड्यांनी नम्र उत्तर आले की वापर झालेला आहे. बिल भरले. ऑगस्टचे पगार एक तारखेला झाले.

ऑगस्टचा एकूण खर्च रुपये १,४३,१७०. त्यातून ३७,४१२ वजा केले तर १,०५,७५८. हिराताईंचा अंदाज १,०६,४९० होता. मी त्यांना म्हणालो, सातशे बत्तीस रुपयांनी चुकलात. त्या म्हणाल्या, दोन होड्या अकरा तारखेला इंजिन बिघडून परत आल्या होत्या. ते पैसे त्यात नसतील. मी हिशेब केला नाही.

एकतीस ऑगस्टला रविवार होता, म्हणून अजिंक्य यांनी शुक्रवारीच त्यांना बोलावून तीन वर्षांचा करार दिला. पगार रुपये २४,०००. हिराताईंनी तो दोनदा वाचला आणि एक अट घालायला सांगितली. त्या दोन दिवसांत डबे सतत चालल्यामुळे ज्या नौकांच्या बॅटऱ्या उतरल्या, त्यांना चार्जिंगचे पैसे कंपनीने द्यावेत. अजिंक्य म्हणाले, कोणी मागितले नाहीत. त्या म्हणाल्या, मागणार नाहीत, कारण त्यांना कळलेलंच नाही की आपल्यामुळे उतरल्या.

अशा नौका एकेचाळीस निघाल्या. दर बॅटरीला रुपये १५०. चाळीस जणांना दिले, सह्या घेतल्या, व्हाउचर लावले. एकेचाळिसावे जानू पारकर. त्यांनी ऑगस्टमध्येच नौका विकली आणि संगमेश्वरकडे मुलीच्या गावी राहायला गेले. पत्ता मिळालेला नाही. त्यांचे रुपये १५० देणे बाकी आहेत.